दोघांचाही दोन पॉइंट वीस

स्टोअरच्या सगळ्यात खालच्या फळीवर, उजव्या कोपऱ्यात, एक पत्र्याचा डबा होता आणि त्याला कोणी हात लावत नसे. मी कॉलेजात शिकवायला लागले तेव्हाही तो तिथेच होता. त्याचं लेबल तेलाने कधीच गळून गेलं होतं. आमच्या रसायनशास्त्र विभागाचं स्टोअर सांभाळणारे काका झाडताना झाडूसुद्धा त्या कोपऱ्यापासून वीतभर लांबून फिरवायचे.

मी एकदा विचारलं होतं, "काय आहे हो काका त्यात?"

"पोटॅशियम."

"मग वर सोडियमच्या शेजारी का नाही ठेवत?"

"नाही ठेवत म्हणजे नाही ठेवत. तुम्ही फळ्यावरचं बघा बाई, मी फळीवरचं बघतो."

काका निवृत्त झाले. त्यांच्या जागी सहा महिन्यांच्या बोलीवर माझी भाची लागली. माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. लहानपणापासून बिया, खडे, बाटल्यांची झाकणं असं काय काय साठवायची, म्हणून घरात तिला सगळे खारू म्हणत. ती माझ्याकडे राहूनच शिकली, आणि आमच्याच विभागात शिकली. घरी मला 'मावशी, तू' म्हणायची आणि कॉलेजच्या फाटकाच्या आत पाऊल पडलं की 'बाई, तुम्ही'. त्यात कधी तिची गफलत झाली नाही.

आमचा विभाग हिशेबाला पक्का म्हणून नावाजलेला होता. विभागप्रमुख सरांना मुलं 'पॉइंट पस्तीस' म्हणायची. सरांना ते माहीत होतं आणि मनातून आवडतही असावं. स्लेटरचे नियम ते पाढ्यासारखे म्हणून घ्यायचे. एखादा इलेक्ट्रॉन निवडायचा. केंद्रक त्याला आत ओढत असतं, पण मधले इलेक्ट्रॉन पडद्यासारखे आडवे येतात. कोणी किती अडवलं ते मोजायचं. त्याच कवचातला सोबती असेल तर शून्य पॉइंट पस्तीस, एक कवच आतला असेल तर पॉइंट पंच्याऐंशी, त्याहून आतला असेल तर पुरता एक. बेरीज केंद्रकाच्या प्रभारातून वजा केली की त्या इलेक्ट्रॉनला खरोखर जाणवणारी ओढ उरते. तो परिणामी प्रभार.

"पस्तीस, पंच्याऐंशी, एक! झोपेतून उठवलं तरी आलं पाहिजे," सर म्हणायचे. मागच्या बाकावरून एखादा हळूच म्हणायचा, "झोपेतच तर आहोत, सर."

चाचणीत तिसरा प्रश्न दरवर्षी ठरलेला. सोडियम आणि पोटॅशियम यांच्या सर्वांत बाहेरच्या इलेक्ट्रॉनचा परिणामी प्रभार काढा आणि निष्कर्ष लिहा. दहा गुण. सोडियमचे प्रोटॉन अकरा. दुसऱ्या कवचातले आठ, पॉइंट पंच्याऐंशीने, सहा पॉइंट ऐंशी. पहिल्यातले दोन, पुरते दोन. एकूण आठ पॉइंट ऐंशी. उरले दोन पॉइंट वीस. पोटॅशियमचे एकोणीस. तिसऱ्या कवचातले आठ, पुन्हा सहा पॉइंट ऐंशी. त्याहून आतले दहा, पुरते दहा. उरले दोन पॉइंट वीस. सरांच्या नमुना उत्तरात पहिल्या आकड्याला पाच आणि दुसऱ्याला पाच गुण होते. निष्कर्षाला काही नव्हते, कारण सरांच्या मते आकडा हाच निष्कर्ष.

मी नऊ वर्षं ते पेपर तपासले. साठ-सत्तर पेपरांच्या गठ्ठ्यात डोळा आकड्यावर जातो, खाली दोन रेघा ओढलेल्या दिसल्या की हात बरोबरची खूण करून पुढे सरकतो. खाली एखादं वाक्य असायचं. ते मी वाचत होते असं आज शपथेवर सांगता येणार नाही.

त्या वर्षी विभागाची तपासणी व्हायची होती. वरून समिती येणार, आणि जुनी, बिनलेबलाची रसायनं दिसली तर आमची खैर नव्हती. सरांनी खारूला स्टोअर साफ करायला आणि जुनं ते नष्ट करायला सांगितलं. तिने आठवडाभर खपून यादी केली, बाटल्या पुसल्या, लेबलं लावली. तिची नोकरी पक्की होणं या तपासणीवर होतं, हे ती बोलत नव्हती, पण रात्री जेवताना यादीच घेऊन बसायची.

तपासणीच्या दोन दिवस आधी सकाळी घरातून निघताना आमचं वाजलं. मी म्हटलं, "घाई करू नकोस. काकांना एकदा विचारून घे. तू अजून कच्ची आहेस."

"कच्ची? मावशी, तुझ्याच विषयात मला दहापैकी दहा आहेत."

"पेपरातले दहा वेगळे गं."

"मग दिलेस कशाला?" असं म्हणून ती चपला घालून पुढे निघूनही गेली. मी कुलूप लावत उभी राहिले. पोरगी फटकळ, पण कामाला वाघ. मी मनावर घेतलं नाही.

कॉलेजात माझ्या टेबलावर विल्हेवाटीचा तक्ता सहीसाठी आलेला होता. खारूचं अक्षर नेटकं, पट्टीने आखलेले रकाने. पदार्थ, आकडेवारी, पद्धत, वेळ. अकरा वाजता सोडियमचे जुने तुकडे. परिणामी प्रभार दोन पॉइंट वीस. वरचा थर चाकूने खरवडणे, वाटाण्याएवढे तुकडे करणे, एकेक करून स्पिरिटमध्ये विरघळवणे. त्याखाली साडेअकरा वाजता पोटॅशियम, जुना डबा. परिणामी प्रभार दोन पॉइंट वीस. पद्धत, सोडियमप्रमाणेच.

खाली सरांची सही होती. मी दोन्ही आकडे मनात करून पाहिले. दोन्ही बरोबर आले. मी सही केली आणि अकराच्या तासाला गेले.

वर्ग माझा आवडता होता, पहिल्या वर्षाचा. आयनन ऊर्जेचा आलेख फळ्यावर काढत होते. वायुरूप अणूतला सगळ्यात सैल इलेक्ट्रॉन ओढून काढायला लागणारी ऊर्जा. आडव्या ओळीत सोडियमपासून क्लोरीनपर्यंत गेलं की परिणामी प्रभार दोन पॉइंट वीसपासून सहा पॉइंट दहापर्यंत चढतो. एकेक प्रोटॉन पूर्ण वाढतो, पण नवा सोबती फक्त पॉइंट पस्तीस अडवतो, म्हणून ओढ वाढत जाते आणि आयनन ऊर्जाही चढते. मधे अ‍ॅल्युमिनियमपाशी आणि गंधकापाशी ती थोडी खचते. ते खचणं या नियमांना दिसत नाही, कारण एका कवचातले एस आणि पी अशा दोन जातींचे इलेक्ट्रॉन नियम एकाच दावणीला बांधतात. हे मी दरवर्षी सांगायची, नियमांची गंमत म्हणून.

पहिल्या बाकावर एक मुलगी बसायची. वही भरलेली, प्रश्न भरपूर. मुलं तिला 'पण-बाई' म्हणत, कारण तिचं प्रत्येक वाक्य 'पण बाई' असं सुरू व्हायचं.

"पण बाई, मी लिथियमचं काढलं. तीन वजा एक पॉइंट सत्तर. एक पॉइंट तीस आलं."

"बरोबर."

"पण बाई, सोडियमचं दोन पॉइंट वीस. म्हणजे लिथियमवर ओढ कमी. पण पुस्तकात लिथियमची आयनन ऊर्जा जास्त दिलीय. पाचशे वीस. सोडियमची चारशे शहाण्णव."

मागून कोणीतरी म्हणालं, "झालं, आता पुस्तकच चुकलं." वर्ग हसला.

मी खडू उचलला. "पुस्तक नाही चुकलं. नुसत्या ओढीवर ठरत नाही. तो इलेक्ट्रॉन किती लांब आहे तेही बघायचं. परिणामी प्रभाराला कवचाच्या क्रमांकाने भागायचं आणि मग वर्ग करायचा. लिथियमचा दुसऱ्या कवचात, एक पॉइंट तीस भागिले दोन, पॉइंट पासष्ट. सोडियमचा तिसऱ्यात, दोन पॉइंट वीस भागिले तीन, पॉइंट त्र्याहत्तर."

"पण बाई, तरीही सोडियमचंच जास्त येतंय."

"येतंय. नियम ढोबळ आहेत, लिथियमपाशी साफ फसतात. म्हणून नुसत्या आकड्यावर विसंबायचं नाही. खाली मात्र बघ. पोटॅशियमची ओढ सोडियमएवढीच, दोन पॉइंट वीस. पण इलेक्ट्रॉन चौथ्या कवचात. तिथे नियमात चाराऐवजी तीन पॉइंट सात घेतात. भागाकार पॉइंट एकोणसाठ. वर्ग केला की सोडियमच्या दोन तृतीयांश. खरा फरक एवढा नाही, चारशे शहाण्णवला चारशे एकोणीस, पण दिशा बरोबर. ओढ तीच, अंतर जास्त, म्हणून पोटॅशियमचा इलेक्ट्रॉन सोडियमपेक्षा..."

मी 'सैल' हा शब्द म्हटलाच नाही. फळ्यावर माझ्याच अक्षरात दोन्ही ठिकाणी दोन पॉइंट वीस लिहिलेलं होतं आणि मला तो तक्ता दिसत होता. सोडियमप्रमाणेच.

सोडियम तेलात वर्षानुवर्षं पडलं तर वर पांढरट पापुद्रा धरतं. पोटॅशियमचं तसं नसतं. सैल इलेक्ट्रॉनचा तो मोठा अणू, बंद डब्यातल्या जराशा हवेतूनही प्राणवायू ओढून घेतो, आणि नुसता ऑक्साइड न होता प्राणवायूने गच्च भरलेल्या सुपरऑक्साइडचा पिवळा थर धरतो. खाली चकचकीत धातू, वर तो थर, भोवती तेल. त्यावर चाकूचं पातं दाबलं की थर धातूत घुसतो, आणि मग स्फोट. हे मला ठाऊक होतं. पुस्तकात वाचलं होतं, कधीतरी कोणाला सांगितलंही असेल. सही करताना ते माझ्या डोक्यात आलं नाही, कारण मी फक्त वजाबाकी तपासली होती.

घड्याळात अकरा तेहतीस झाले होते.

खडू टाकून मी निघाले. पण-बाई मागून "पण बाई" म्हणाली ते ऐकू आलं. स्टोअर इमारतीच्या दुसऱ्या टोकाला, जिना उतरून, लांबलचक ओसरीच्या शेवटी. मी पळाले, पण शेवटच्या वीस पावलांत मुद्दाम चालत गेले. पावलांच्या आवाजाने तिचा हात दचकला तर?

दाराला आतून कडी होती. मुलं आत घुसू नयेत म्हणून ती लावायची. वरच्या अर्ध्या भागातल्या काचेतून मला ती दिसली, अर्धी पाठमोरी, डोळ्यांवर चष्मा, हातात रबरी मोजे. सोडियमचं काम नीट उरकलेलं होतं, स्पिरिटच्या चंचुपात्रातले बुडबुडे संपत आले होते. समोर पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर अंड्याएवढा गोळा होता. मेणासारखा, आणि वर हळदीसारखी पिवळी, कुठे कुठे नारिंगी खपली. उजव्या हातात चाकू होता. पातं खपलीवर टेकलेलं होतं.

मी काचेवर टकटक केली नाही. तोंड दाराच्या फटीशी नेलं आणि स्टाफरूममध्ये चहा मागावा तशा आवाजात म्हटलं, "खारू, मी आहे."

"बाई, थांबा जरा. हे एवढं झालं की उघडते."

"उघडू नकोस. हातही हलवू नकोस. चाकू आहे तिथेच राहू दे."

"सही केलीत ना तुम्ही?" तिने वळून पाहिलं नाही. आवाजात सकाळचं भांडण होतं. "की आता काकांचं ऐकून आलात? त्यांच्या डब्यात भूत आहे."

"सही चुकली माझी."

"कुठे चुकली? आकडा चुकला का?"

"नाही. आकडा बरोबर आहे."

"दोघांचाही दोन पॉइंट वीस. बाहेरचा इलेक्ट्रॉन दोघांत सारखाच धरलेला, म्हणून दोन्ही धातू सारखेच वागणार. हेच मी पेपरात लिहिलं होतं, याच शब्दांत. तुम्ही दहा दिलेत." पातं किंचित खाली गेल्यासारखं मला वाटलं. "दरवेळी मी कच्ची. निदान एकदा तरी सांगा ना, कुठे कच्ची ते."

दार फोडायचं म्हटलं तर हादरा बसणार होता. ओरडले असते तर तिने रागाने हात दाबला असता. तिला चूक दाखवल्याशिवाय ती थांबणारी नव्हती. लहानपणीही 'नको' ऐकून ती कधी थांबली नाही, 'का नको' ऐकून थांबायची.

"सांगते. लिथियमचा काढ."

"आत्ता?"

"तोंडी. हात तसाच ठेवून."

ती पुटपुटली. मला तिच्या कानामागची एक बट हलताना दिसत होती. "तीन. आतले दोन, पॉइंट पंच्याऐंशीने, एक पॉइंट सत्तर. एक पॉइंट तीस."

"सोडियमहून कमी. तुझ्या वाक्याप्रमाणे मग कोणाचा इलेक्ट्रॉन सगळ्यात सैल?"

"लिथियमचा."

"तू नव्या बाटल्यांतली तिन्ही पाण्यात टाकून दाखवलीस ना गेल्या महिन्यात? लिथियमने काय केलं?"

चंचुपात्रातला एक बुडबुडा वर येऊन फुटला.

"सांग."

"शांत होतं. नुसतं फसफसत फिरलं."

"आणि पोटॅशियम?"

"पडल्या पडल्या पेटलं. जांभळी ज्योत." तिचा आवाज बदलला होता. "सोडियम नुसतं गोळी होऊन पळत होतं."

"पाण्यातल्या वागण्याला आणखीही कारणं असतात. पण दोन पॉइंट वीसवरून तुला ते ओळखता आलं असतं का?"

"नाही." मग स्वतःशीच, "चौथं कवच. लांब आहे तो."

"हो. आणि तुझ्या पात्याखाली जे पिवळं आहे ते सोडियमवर कधी पाहिलंस?"

"नाही."

"ते दाबलं की फुटतं."

तिने मान हलवली नाही. मला वाटलं आता घाबरून हात मागे ओढेल. ओढला असता, तर खपली पात्याबरोबर उचकटून आली असती. मी म्हटलं, "ओढू नकोस. दाबूही नकोस. सरळ वर, कागद उचलावा तसं. पातं चिकटलं असेल तर थांब आणि सांग."

"मावशी, चिकटलंय."

फाटकाच्या आत पहिल्यांदाच तिने मला मावशी म्हटलं.

"बरं. मग चाकू तसाच सोड. चाकूची मूठ आधी फरशीवर टेकव, मग एकेक बोट काढ. करंगळीपासून."

तिने काढली. पाच बोटं काढायला किती वेळ लागतो हे मी त्या दिवशी पाहिलं. पातं खपलीत, मूठ फरशीवर, आणि ती मागे सरकत सरकत दारापर्यंत आली. मोज्यातल्या बोटांतून कडी तीनदा निसटली. मी तिला दंडाला धरून बाहेर ओढलं, आणि दोघी ओसरीच्या भिंतीला टेकून खालीच बसलो. तिने चष्मा काढला तेव्हा नाकावर त्याचे दोन लाल व्रण होते.

आम्ही इमारत रिकामी करवली. अग्निशमन दलाला फोनवर पहिलं वाक्य सांगितलं ते "पाणी आणू नका." त्यांचा अधिकारी शहाणा माणूस होता. त्याने गोळ्याला, फरशीला, चाकूलाही हात लावू दिला नाही, गोळा तिथेच लांबून फोडायचं ठरवलं. भोवती कोरड्या वाळूची पोती रचली, वरून एका लांब दांड्याच्या टोकाला लोखंडी वजन बांधून खिडकीबाहेरून दोरीने सोडायची सोय केली. आम्ही सगळे मैदानाच्या टोकाला उभे होतो. सर माझ्या शेजारी होते. त्यांच्या हातात तो तक्ता होता.

"आकडा बरोबर होता हो बाई," ते म्हणाले.

मी काही बोलायच्या आत आवाज झाला. फार मोठा नव्हता, जाड दार आपटल्यासारखा. पण स्टोअरच्या सगळ्या काचा एकदम बाहेर आल्या आणि चाकूचं पातं नंतर समोरच्या लाकडी फळीत सापडलं, खारूच्या छातीएवढ्या उंचीवर, तीन बोटं आत रुतलेलं. अधिकाऱ्याने ते पकडीने उपटून काढलं आणि कोणाला दाखवू नये तसं फडक्यात गुंडाळलं. खारूने तरी पाहिलंच.

तपासणी पुढे ढकलली गेली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती माझ्या खोलीत आली आणि म्हणाली, "मावशी, माझं ते वाक्य तू वाचलं होतंस का?"

"आठवत नाही गं."

"आणखी किती जणांनी लिहिलं असेल?"

मी कपाट उघडलं. चाचण्यांच्या गुणांच्या वह्या मी जपून ठेवल्या होत्या, नऊ वर्षांच्या नऊ. प्रत्येकीत तिसऱ्या प्रश्नाचा रकाना. पेपर केव्हाच रद्दीत गेले होते. रकान्यात फक्त दहा, दहा, दहा असे आकडे होते, माझ्या लाल शाईत. ज्याला कळलं त्याचेही दहा आणि ज्याने खारूसारखं लिहिलं त्याचेही दहा. वहीवरून ते वेगळे काढता येत नव्हते. आम्ही मोजले, तीनशे बारा भरले. त्यातले किती शाळांत शिकवत होते, किती कारखान्यांच्या प्रयोगशाळांत होते, कोणाच्या स्टोअरमध्ये कोणत्या फळीवर काय होतं, कोण जाणे.

कॉलेजच्या कार्यालयातून पत्ते मिळवले. पत्र मी एकदा लिहिलं आणि खारूने त्याच्या प्रती काढल्या. तुम्हाला या प्रश्नात दिलेले गुण मी चुकीने दिलेले असू शकतात. परिणामी प्रभार सारखा असला तरी कवच लांबचं असेल तर इलेक्ट्रॉन सैल असतो. जुनं, पिवळं पडलेलं पोटॅशियम असेल तर उघडू नका, कापू नका. सरांनी विभागाच्या कागदावर पत्र पाठवायला मनाई केली, म्हणून साध्या कागदावर पाठवली. खारूची नोकरी सहा महिन्यांवर संपली. तेव्हाही ती पाकिटांवर पत्ते लिहीत होती.

उत्तरं हळूहळू आली. बरीचशी प्रकृतीची विचारपूस करणारी, काही चेष्टेची. 'बाई, आता गुण परत मागता की काय?' चाळीसेक पाकिटं पत्ता चुकल्याचा शिक्का घेऊन परत आली. मग पावसाळ्याच्या अखेरीस एक पत्र आलं, दूरच्या एका शाळेतल्या शिक्षकाचं. अक्षर मला ओळखीचं वाटलं. खारूने ते मोठ्याने वाचलं.

'आदरणीय बाई, पत्र मिळालं. आनंद झाला. आमच्या शाळेत असा डबा नाही, काळजी नसावी. तुमचा तो प्रश्न मी सहा वर्षं मुलांना दरवर्षी देतो. नमुना उत्तरही तुमचंच वापरतो. मुलं फार छान सोडवतात, बहुतेकांना दहापैकी दहा मिळतात. त्यातले काही यंदा तालुक्याच्या नव्या प्रयोगशाळेत लागलेही.'

खारूने पत्र दोनदा वाचलं. मग खुर्ची ओढून टेबलाशी बसली, कोरा कागद घेतला आणि वर त्या शाळेचा पत्ता लिहून मला विचारलं, "सहा वर्षं. एका वर्गात साधारण किती मुलं असतील गं?"